सहावे आदण आणि सरासरीचा तळ

अकरावी-बारावीच्या अर्थशास्त्रात एक आकृती हमखास भेटते. आडव्या अक्षावर उत्पादन, उभ्या अक्षावर रुपये. सरासरी खर्चाची रेषा रुंद वाडग्यासारखी आधी उतरते, मग चढते. सीमांत खर्चाची रेषा तिच्याआधीच तळ गाठून वर वळते आणि सरासरीला नेमकी तिच्या सर्वांत खालच्या बिंदूत छेदून जाते. विद्यार्थी हे पाठ करतात. खरे तर छेद तिथेच का पडतो, हे कोल्हापूरकडच्या एखाद्या गुऱ्हाळाचा हिशेब मांडला तर कोणालाही कळेल.

काहिलीत रस ओतल्यापासून गूळ उतरेपर्यंतच्या एका खेपेला आदण म्हणतात. समजा, गुऱ्हाळाचे भाडे, इंजिनाचा हप्ता आणि गुळव्याचा ठरलेला रोज मिळून दिवसाला 6,000 रुपये लागतात. एक आदण निघो वा सात, हा स्थिर खर्च तेवढाच राहतो. प्रत्येक आदणामागे वाढणारा खर्च, म्हणजे सीमांत खर्च, निराळा. सकाळी चुलवाण थंड असते, म्हणून पहिल्या आदणाला 2,500 रुपये लागतात. मग चुलवाण तापते, माणसांचा हात बसतो, आणि दुसरे 2,100 मध्ये, तिसरे 1,900 मध्ये निघते. चौथ्यापासून मात्र खर्च पुन्हा वाढू लागतो. माणसे दमतात, वाळलेले चिपाड संपत येते, ओले नीट जळत नाही, रात्रपाळीची मजुरी जास्त पडते. चौथे 2,000, पाचवे 2,500, सहावे 3,400 आणि सातवे 4,800.

आता सरासरी काढू. पहिल्या आदणावर सगळा बोजा पडतो, म्हणून ती 8,500 रुपये. चार आदणांचा एकूण खर्च 14,500, सरासरी 3,625. पाचव्या आदणाला 2,500 लागतात, म्हणजे आधीच्या पाचशेने वाढलेले. तरी सरासरी घसरून 3,400 वर येते. आकृती वाचताना सर्वाधिक गफलत इथेच होते. सीमांत खर्च वर वळला की सरासरीही वर जाणार, असे वाटते. पण सीमांत रेषा चढते आहे की उतरते आहे, याच्याशी सरासरीला देणेघेणे नाही. सीमांत रेषा सरासरीच्या वर आहे की खाली, एवढेच तिला कळते. पाचवे आदण चालू सरासरीपेक्षा 1,125 रुपयांनी स्वस्त होते. ती बचत पाच आदणांत वाटली गेली आणि सरासरी 225 ने उतरली.

क्रिकेटची सरासरी अशीच हलते. 1948 मध्ये ओव्हलवर डॉन ब्रॅडमन शेवटच्या कसोटीत खेळायला आले तेव्हा त्यांची सरासरी 101.39 होती. ते शून्यावर बाद झाले आणि ती 99.94 वर आली. त्याआधीच्या डावात त्यांनी किती धावा केल्या होत्या, याचा या घसरणीशी संबंध नव्हता. नवा आकडा चालू सरासरीच्या खाली होता, एवढेच कारण.

सहाव्या आदणाचा खर्च 3,400, आणि चालू सरासरीही 3,400. वाटायला ना बचत उरते ना वाढीव बोजा, म्हणून सरासरी जागची हलत नाही. सातवे 4,800 चे. 1,400 चा जादा बोजा सात आदणांवर पसरतो आणि सरासरी 3,600 होते. म्हणजे सीमांत रेषा खाली असेपर्यंत सरासरी उतरत राहिली आणि ती वर जाताच चढू लागली. उतार संपून चढ सुरू होतो तोच तळ, आणि दोन्ही रेषा तिथेच एकमेकींना भेटतात.

भाडे 2,000 रुपयांनी वाढले तर? सीमांत रेषा तसूभरही हलणार नाही, कारण भाडे कोणत्याही एका आदणामुळे वाढत नाही. सरासरीची रेषा मात्र वर सरकेल. पाच आदणांवर ती 3,800 आणि सहावर सुमारे 3,733 होईल. तळ उजवीकडे सरकतो, तरी सीमांत रेषा त्याला सोडत नाही.

याला एक मर्यादा आहे. मेट्रो रेल्वेत रुळांवर आणि बोगद्यांवर प्रचंड पैसा आधीच खर्च झालेला असतो. रिकाम्या आसनावर आणखी एक प्रवासी बसला तर खर्च जवळजवळ वाढत नाही. गाड्या भरेपर्यंत तिथे सीमांत खर्च सरासरीच्या खालीच राहतो, छेद येतच नाही. अशा ठिकाणी तिकीट सीमांत खर्चाइतके ठेवले तर तोटा ठरलेला.

गुऱ्हाळमालकाला हा छेदबिंदू रोजच्या निर्णयात उपयोगी पडतो. समजा, बाहेरचे शेतकरी आपला ऊस गाळून घ्यायला आदणामागे 4,000 रुपये देतात. सहा आदणांवर त्याला 24,000 मिळतात, खर्च 20,400, म्हणजे 3,600 उरतात. सात काढली तर सरासरी 3,600 दिसते, दर 4,000 असतो, आणि प्रत्येक आदणामागे चारशे सुटल्यासारखे वाटतात. पण एकूण मिळकत 28,000 आणि खर्च 25,200, म्हणून हातात 2,800 च राहतात. सातव्या आदणाने 800 रुपये खाल्ले, आणि सरासरी पाहणाऱ्याला ते दिसले नाहीत.