घरी येऊन रक्त घेऊ, एवढंच सांगायचं आहे

सोसायटीच्या लिफ्टमध्ये हल्ली दोन जाहिराती हमखास दिसतात, एक इंटिरियरवाल्याची आणि एक पॅथॉलॉजी लॅबची. लॅबच्या जाहिरातीत हसरं जोडपं, मागे कोवळं ऊन आणि वर मोठ्या अक्षरांत ‘आजाराला वेळीच ओळखा, कुटुंब सुरक्षित ठेवा’. खाली बारीक अक्षरांत ‘घरी येऊन सॅम्पल घेतले जाईल’. जाहिरातींचा मजकूर लिहिण्याच्या धंद्यात असल्यामुळे मला ही मांडणी उलटी वाटते. वरच्या ओळीतलं काहीही लॅबच्या हातात नाही आणि हातात आहे ते बारीक अक्षरांत टाकलंय.

पुण्यातली एखादी मध्यम आकाराची लॅब समजू. तिला घरपोच सॅम्पल कलेक्शनची जाहिरात करायची आहे आणि ग्राहक ठरलेला आहे, दोघंही नोकरी करणारं जोडपं. मालकांनी स्वतः एक मसुदा लिहून पाठवलाय: ‘फक्त 999 रुपयांत 70 चाचण्या! संपूर्ण शरीराची तपासणी! 100 टक्के अचूक रिपोर्ट! मधुमेह, थायरॉइड, हृदयविकार यांपासून निर्धास्त व्हा!’ असा मसुदा आला की मी एकेक ओळ घेऊन एकच प्रश्न विचारतो. हे खरं करून दाखवणं लॅबच्या हातात आहे का?

‘70 चाचण्या’ हा आकडा आधी सोडवू. सीबीसी म्हणजे एका छोट्या नळीतलं रक्त एका यंत्रातून एकदाच जातं. त्यातून हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स असे वीसेक आकडे निघतात. जाहिरातीत या प्रत्येक आकड्याची एक चाचणी होते. काही आकडे तर मोजलेलेही नसतात, ते गणिताने काढलेले असतात. व्हीएलडीएल बऱ्याच ठिकाणी ट्रायग्लिसराइडला पाचने भागून मिळतं आणि ग्लोब्युलिन म्हणजे एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केल्यावर उरतं ते. यात खोटं काही नाही. पण वाचणाऱ्याला वाटतं, सत्तर वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या. मी मालकांना सांगेन, आकडा काढा आणि तपासण्यांची नावं द्या: सीबीसी, लिपिड प्रोफाइल, फास्टिंग शुगर, टीएसएच. ज्याला डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्यात तो नावच शोधत असतो.

‘संपूर्ण शरीर’ आणि ‘निर्धास्त’ हे शब्द जास्त अवघड आहेत, कारण ते ऐकायला चांगले वाटतात. रिपोर्टवर प्रत्येक आकड्यापुढे ‘नॉर्मल रेंज’ छापलेली असते. बहुतेक तपासण्यांत ती निरोगी माणसांच्या मोजमापांवरून ठरते आणि त्यातली मधली 95 टक्के माणसं आत येतील अशी आखतात. म्हणजे ठणठणीत माणसांपैकीही पाच टक्के प्रत्येक चाचणीत रेषेबाहेर जाणार. आता 20 आकडे काढले आणि ते एकमेकांवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर पूर्ण निरोगी माणसाचाही किमान एक आकडा ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता जवळपास 64 टक्के होते. प्रत्यक्षात हे आकडे एकमेकांशी थोडेफार बांधलेले असतात, त्यामुळे शक्यता कमी भरते. पण ‘निर्धास्त व्हा’ म्हणून बोलावलेल्या जोडप्यापैकी एकाला तरी संध्याकाळी मोबाइलवर एखादा ठळक आकडा दिसणार आणि रात्रभर गूगल चालणार, याची तयारी ठेवायला हवी. उलट सगळे आकडे आत आले म्हणजे आजार नाहीच, असंही कुठली लॅब सांगू शकत नाही. लॅब आकडा देते, त्याचा अर्थ माणसाला तपासणारा डॉक्टर लावतो.

‘100 टक्के अचूक’ हे तर जाणकार लॅबवाला स्वतःच लिहू देणार नाही. एकच नमुना एकाच यंत्रात दोनदा घातला तरी आकड्यात थोडा फरक येतो. आणि हा कायद्याचाही प्रश्न आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कायद्याखाली 2022 मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी तारांकनाच्या खेळालाही लगाम घातलाय. खालच्या अटीने वरच्या दाव्याला छेद देता येत नाही आणि दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत अट लिहावी लागते. वर मराठीत ‘मोफत’ आणि तळाशी इंग्रजीत चार ओळी, हे चालत नाही. एनएबीएलच्या मान्यतेचंही तसंच. ती ठरावीक तपासण्यांपुरती मिळते, लॅबमधल्या प्रत्येक तपासणीला आपोआप लागू होत नाही. पॅकेजमधल्या चारपैकी तीनच तपासण्या मान्यतेत असतील, तर पॅकेजच्या डोक्यावर ते चिन्ह मिरवता येणार नाही.

एवढं खोडल्यावर मालक विचारतात, मग उरलं काय? माझ्या मते खरा माल इथूनच सुरू होतो, फक्त त्यासाठी या जोडप्याची सकाळ नीट माहीत हवी.

दोघं रात्री नऊला घरी येतात, जेवायला दहा वाजतात. फास्टिंग शुगरसाठी किमान आठ तास पोटात काही नको, पाणी चालतं. लिपिडसाठी बऱ्याच लॅब दहा ते बारा तास मागतात. आता लॅब अभिमानाने ‘पहाटे 5:30 पासून सेवा’ असं लिहिते. दहाला जेवलेल्या माणसासाठी तेव्हा साडेसात तासच झालेले असतात! त्याला सातचा स्लॉट हवा, तेव्हा नऊ तास भरतात. दहा तासांची अट असेल तर आठचा स्लॉट घ्यायचा किंवा आदल्या रात्री लवकर जेवायचं. म्हणून जाहिरातीत पहाटेची बढाई नको, साधा हिशेब हवा: ‘रात्री किती वाजता जेवता ते सांगा, त्यावरून सकाळची वेळ ठरवू.’ या वाक्यात आरोग्याचं एकही आश्वासन नाही, तरी वाचणाऱ्याला कळतं की समोरच्याला काम येतं.

पीपी शुगरचं दुखणं वेगळं. ते रक्त जेवणाचा किंवा नाश्त्याचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी द्यायचं असतं. सातला फास्टिंगचं दिलं आणि साडेसातला पोहे खायला बसलात, तर दुसरं रक्त साडेनऊला. तोवर एकजण बसमध्ये आणि दुसरा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये. घरपोच सेवेच्या जाहिराती हे सांगतच नाहीत. मग टेक्निशियन साडेनऊला बेल वाजवतो आणि दाराला कुलूप असतं. लॅबचं सेंटर ऑफिसजवळ असेल तर स्पष्ट लिहावं, दुसरं सॅम्पल तिथे देता येईल. नसेल तर पीपीसाठी दोन फेऱ्या लागतात हे लिहावं. एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही आणि दुसरी फेरीही नाही. इथे लिहिणाऱ्याचा हात शिवशिवतो, ‘पीपीऐवजी हे करा’ असं लिहून टाकावंसं वाटतं. पण कोणती तपासणी करायची हा सल्ला झाला आणि सल्ला डॉक्टरांचा. सकाळची गोळी रक्त देण्याआधी घ्यायची की नंतर, हेही त्यांनाच विचारायचं.

जोडप्याच्या बाबतीत आणखी एक जागा फार कमी लॅबच्या लक्षात येते. एकाच घरात, एकाच वेळी, एकाच आडनावाच्या दोन माणसांचं रक्त निघतं. प्रत्येकाच्या तीन नळ्या धरल्या तर सोफ्यावर सहा नळ्या. करडं झाकण शुगरचं, जांभळं सीबीसीचं, पिवळं किंवा लाल बाकीच्यांसाठी. लेबलं खाली गाडीजवळ जाऊन लावली तर नवऱ्याचं कोलेस्टेरॉल बायकोच्या नावावर छापून येऊ शकतं, आणि ते रिपोर्ट बघून कुणालाही कळणार नाही. म्हणून नियम असा, की एकाचं रक्त घेऊन, त्याच्यासमोरच नळ्यांवर लेबल लावून, नाव आणि वय त्याच्याच तोंडून ऐकून ताडून बघायचं आणि मगच दुसऱ्याच्या दंडाला पट्टा बांधायचा. हे जाहिरातीत लिहिण्याजोगं आहे, कारण ग्राहक ते डोळ्यांनी बघू शकतो.

नळी लॅबमध्ये किती वेळाने पोचते, हेही तसंच. साध्या नळीत रक्त तसंच राहिलं तर पेशी साखर खात राहतात, सामान्य तापमानाला तासाला साधारण पाच ते सात टक्के. शुगरच्या करड्या झाकणाच्या नळीत फ्लोराइड असतं ते यासाठीच, पण त्याचा पूर्ण अंमल बसायलाही एक-दोन तास जातात. त्यामुळे सकाळी सातला घेतलेली नळी दुपारपर्यंत बाइकच्या डिकीत फिरत असेल, तर हसऱ्या जोडप्याच्या फोटोने काही भरून निघत नाही. लॅबला जमत असेल तर तास लिहावा. जमत नसेल तर ती ओळ गाळावी.

मग मजकूर असा होतो:

‘दोघांनाही सकाळी ऑफिस गाठायचंय? रक्त द्यायला आम्ही घरी येतो. रात्री किती वाजता जेवता ते फोनवर सांगा, त्यावरून सकाळी 7 ते 8:30 मधली वेळ ठरवू. येणाऱ्या टेक्निशियनचं नाव आणि फोटो आदल्या रात्री पाठवू. नळ्या तुमच्यासमोर उघडू आणि लेबलही तुमच्यासमोरच लावू, आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या. पीपी शुगर असेल तर दुसरी फेरी लागते, ती आधी विचारून ठरवा. घरी येण्याचे पैसे किती ते बुकिंग करतानाच सांगू. कोणत्या तपासण्या करायच्या आणि रिपोर्टचा अर्थ काय, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.’

मालकांना हे फिकं वाटतं. त्यात भीती नाही, ‘आजच करा’ नाही आणि काळजीने कपाळाला आठ्या पडलेली बायकोही नाही. (जाहिरातींत नवऱ्याच्या तब्येतीची काळजी नेहमी तिनेच का करायची, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.) पण माझी भीती वेगळीच असते. वेळ पाळू असं लिहिलं की ती पाळावी लागते. एका घराला जाण्यायेण्यासकट वीस मिनिटं धरली, तर 7 ते 8:30 या दीड तासात एका टेक्निशियनची चार घरं होतात, फार तर पाच, आणि घरात दोघं असतील तर चारही मुश्किलीने. दोन टेक्निशियन असलेल्या लॅबने हा मजकूर शहरभर पसरवला तर पहिल्याच सोमवारी चाळीस फोन येतील आणि आठ घरं होतील. म्हणून पत्रकं लॅबपासून पंधरा मिनिटांच्या आत असलेल्या तीन-चार सोसायट्यांतच लावायची, आणि तीही एका आठवड्याला एक सोसायटी या हिशेबाने.