उंची खुंटली, पाळीही आली नाही : गोळीआधी गुणसूत्रांची तपासणी हवी

मुलगी वर्गात पहिल्या बाकावर बसते, तेव्हा घरात कोणी फारशी चिंता करीत नाही. 'आजीही ठेंगणीच होती,' असे म्हणून विषय संपतो. मात्र पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नाही की धावपळ सुरू होते आणि डॉक्टरांपुढे फक्त पाळीचीच तक्रार मांडली जाते. उंचीचा उल्लेखही होत नाही. खरे तर या दोन गोष्टी एकत्र आढळल्या, की त्यांचा विचारही एकत्रच करावा लागतो.

पंधरा वर्षांपर्यंत पाळी न येणे, किंवा तेराव्या वर्षापर्यंत स्तनांची वाढच सुरू न होणे, ही तपासणीची सर्वमान्य मर्यादा आहे. यामागे थायरॉइडची कमतरता, दीर्घकाळचा आजार, कुपोषण किंवा पीयूषिका ग्रंथीतील बिघाड असू शकतो. काही मुलींची वाढ मुळातच उशिरा होते. पण कमी उंचीची जोड असेल, तर टर्नर सिंड्रोम वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये. मुलीच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रे असतात. या विकारात त्यांपैकी एक पूर्णपणे किंवा अंशतः नसते. साधारण २,००० ते २,५०० नवजात मुलींमागे एकीला तो असतो. अमेरिकी डॉक्टर हेन्री टर्नर यांनी १९३८ मध्ये अशा सात रुग्णांचे वर्णन केले. गुणसूत्राची उणीव हे त्याचे कारण १९५९ मध्ये सिद्ध झाले.

एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ हाडांच्या वाढीशी संबंधित 'शॉक्स' नावाचे जनुक असते. त्याची एकच प्रत उरल्याने उंची खुंटते. अंडाशयातील बीजपेशी टिकण्यासाठीही दोन्ही एक्स गुणसूत्रे लागतात. एक नसेल तर बहुतेक बीजपेशी जन्माआधी किंवा बालपणीच नष्ट होतात, इस्ट्रोजेन तयार होत नाही आणि पाळी येत नाही.

तपासणीचा क्रम समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. मुलगी पंधरा वर्षांची, उंची १३८ सेंटिमीटर. वडिलांची उंची १६६, आईची १५४. मुलीची अपेक्षित उंची काढताना आईवडिलांच्या उंचीची बेरीज करून त्यातून १३ वजा करतात आणि उरलेल्याची निमपट घेतात. येथे ती १५३.५ सेंटिमीटर येते. यात साधारण साडेआठ सेंटिमीटरचा फरक चालू शकतो, म्हणजे खालची मर्यादा १४५. मुलगी त्याच्याही सात सेंटिमीटर खाली आहे. 'आजीवर गेली' हे स्पष्टीकरण येथे पुरत नाही. मानेच्या दोन्ही बाजूंना त्वचेचे पडदे, रुंद छाती, कोपरापासून बाहेर वळलेले हात या खुणा डॉक्टर पाहतात. पण अनेक मुलींत त्या ठळक नसतात, म्हणून त्या दिसल्या नाहीत तरी शंका सोडता येत नाही.

पुढची पायरी रक्ततपासणीची. अंडाशय काम करीत नसेल, तर मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी त्याला जागे करण्यासाठी एफएसएच हे संप्रेरक अधिकाधिक सोडते. आपल्या उदाहरणात ते रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रीइतके वाढलेले आहे. याचा अर्थ दोष अंडाशयात आहे. एफएसएच कमी असते, तर शोध पीयूषिका ग्रंथी, आजार किंवा उशिरा येणारे वयात येणे या दिशेने वळला असता. थायरॉइडची चाचणी याच वेळी करतात.

सोनोग्राफीत मात्र एक फसगत होऊ शकते. इस्ट्रोजेन नसल्यामुळे गर्भाशय लहान मुलीसारखे इवलेसे राहते, आणि अहवालात 'गर्भाशय दिसत नाही' असे लिहिले जाऊ शकते. ते वाचून घर हादरते. जन्मतः गर्भाशय नसलेल्या मुलीत एफएसएच सहसा सामान्य असते आणि स्तनांची वाढही झालेली असते. त्यामुळे हे दोन अहवाल शेजारी ठेवून वाचले, तर गोंधळ टळतो.

निर्णायक चाचणी गुणसूत्रांची, म्हणजे कॅरिओटाइप. तिच्यासाठी जिवंत पेशी लागतात, म्हणून रक्त हेपरिन असलेल्या, सामान्यतः हिरव्या टोपणाच्या नळीत घेतात. ते गोठवत नाहीत आणि शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवतात. नमुना गोठला किंवा वाटेत उशीर झाला, तर पेशी वाढत नाहीत आणि रक्त पुन्हा द्यावे लागते. प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशी सुमारे तीन दिवस वाढवतात, विभाजनाच्या ऐन क्षणी औषधाने थांबवतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीतील गुणसूत्रे मोजतात. अहवाल हाती यायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात.

आपल्या मुलीचा अहवाल असा येतो :

`mos 45,X[18]/46,XX[12]`

मोजलेल्या ३० पेशींपैकी १८ पेशींत एक एक्स कमी आहे आणि १२ पेशी सामान्य आहेत, असा त्याचा अर्थ. अशा मिश्रणाला मोझेइक म्हणतात. येथेच चाचणीची मर्यादाही कळते. ३० पेशी मोजल्या, तर १० टक्क्यांहून कमी प्रमाणातील मिश्रण निसटू शकते. म्हणून अहवाल सामान्य असूनही लक्षणे जुळत असतील, तर अधिक पेशी मोजायला किंवा गालाच्या आतील पेशींवर 'फिश' ही चाचणी करायला सांगतात. वाय गुणसूत्राचा अंश आढळला, तर अविकसित अंडाशयात गाठ होण्याचा धोका असतो आणि ते काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. त्यामुळे ती मुलगी 'मुलगा' ठरत नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगायला हवे.

एवढी धडपड गोळीआधीच का? पाळी आणण्यासाठी प्रथम प्रोजेस्टेरॉनची गोळी दिली जाते. या मुलींत गर्भाशयाचे अस्तरच तयार नसल्याने रक्तस्राव होत नाही. मग दोन्ही संप्रेरकांची गोळी दिली जाते. रक्तस्राव होतो आणि प्रश्न सुटला असे घराला वाटते. पण पूर्ण मात्रेतील इस्ट्रोजेन हाडांच्या टोकांवरील वाढीचे पट्टे लवकर बंद करते. आपल्या मुलीच्या मनगटाचा एक्स-रे हाडांचे वय साडेबारा दाखवतो. म्हणजे वाढीला अजून थोडा अवकाश आहे. निदान झाले, तर वाढीचे संप्रेरक देता येते आणि इस्ट्रोजेन अगदी कमी मात्रेने सुरू करून दोनेक वर्षांत हळूहळू वाढवता येते. प्रोजेस्टेरॉन त्यानंतर येते. इस्ट्रोजेन टाळणेही योग्य नाही, कारण त्याच्याविना हाडे ठिसूळ होतात.

निदानानंतर हृदयाचा इको, मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि श्रवणतपासणी करतात. महाधमनी अरुंद असणे किंवा तिच्या झडपेला तीनऐवजी दोनच पडदे असणे हे दोष या मुलींत अधिक आढळतात आणि ते लक्षणांविना राहू शकतात. नैसर्गिक गर्भधारणा फार थोड्या जणींना होते. दात्या स्त्रीच्या बीजाने ती शक्य असते, मात्र त्याआधी महाधमनीची काटेकोर तपासणी लागते.

ही चूक बीजपेशी तयार होताना किंवा गर्भाच्या पहिल्या काही विभाजनांत आपोआप घडते. आईचे वय, तिचा आहार किंवा घराण्याचा दोष यांच्याशी तिचा संबंध नाही. डॉक्टरांकडे जाताना शाळेच्या आरोग्य-कार्डावरील मागील वर्षांच्या उंचीच्या नोंदी बरोबर न्याव्यात. वाढ कोणत्या वर्षापासून मंदावली, हे त्यांतूनच दिसते.