सरासरी साडेबावीस, माथ्यावर साडेचौतीस

सर्व्हर रूममध्ये पाऊल टाकलं की अंगावर गारवा येतो. भिंतीवरचा तापमापक बावीस-तेवीस अंश दाखवत असतो. तरीही रॅकच्या सगळ्यात वरच्या खणातला सर्व्हर दुपारी तापून बंद पडतो आणि खोली तर गार आहे, मग झालं काय, हे कोणाला उमगत नाही. या प्रश्नाचं अर्धं उत्तर कागदावरच्या गणितातून मिळतं. उरलेल्या अर्ध्यासाठी संगणकावर हवेचा प्रवाह सोडवावा लागतो. या पद्धतीला सीएफडी, म्हणजे कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स म्हणतात.

आधी कागदावरचं गणित पाहू. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी खोली धरा. तीत समोरासमोर दोन रांगांत १० रॅक आहेत आणि प्रत्येक रॅक ५ किलोवॅट वीज खातो. सर्व्हर घेतो ती वीज जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणजे खोलीत ५० किलोवॅटची शेगडीच पेटलेली असते. दोन रांगांमधल्या थंड गल्लीत भोकांच्या फरश्या बसवलेल्या आहेत. जमिनीखालच्या पोकळीतून १८ अंशांची हवा त्यांतून वर येते. सर्व्हरचे पंखे ती समोरून ओढतात आणि १२ अंशांनी तापवून मागच्या गरम गल्लीत सोडतात.

हवेची घनता आणि उष्णता धरण्याची क्षमता ठाऊक असल्याने एवढ्यासाठी पंख्यांना सेकंदाला सुमारे ३.४५ घनमीटर हवा लागते, असं निघतं. आता समजा, शीतयंत्र फरश्यांतून २.५ घनमीटरच देतंय. पंखे काही कमी हवेवर भागवून घेत नाहीत. उरलेली हवा ते जिथून मिळेल तिथून खेचतात, आणि जवळ असते ती गरम गल्लीतली. रॅकच्या माथ्यावरून ती पुढे वळते आणि पुन्हा सर्व्हरच्या तोंडी येते.

हिशेब पुरा केला, तर सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेचं सरासरी तापमान सुमारे साडेबावीस अंश येतं. अ‍ॅश्रे या अमेरिकी अभियंता संघटनेची शिफारस १८ ते २७ अंशांची आहे, म्हणजे वरवर सगळं ठीक दिसतं. पण थंड हवा खालून येते आणि खालचे सर्व्हर ती आधी संपवून टाकतात. खालच्या जवळपास तीन-चतुर्थांश सर्व्हरना शुद्ध १८ अंशांची हवा मिळाली आणि वरच्यांना निव्वळ परतलेली गरम हवा, तर वरच्यांच्या तोंडाशी साडेचौतीस अंश भरतात. सरासरी तीच राहते. खरी खोली या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते. नेमकी कुठे, ते सीएफडीने सांगायचं असतं.

त्यासाठी खोलीतल्या हवेचे लहान लहान डबे पाडतात. या डब्यांच्या रचनेला मेश म्हणतात. प्रत्येक डब्यात किती हवा आली, किती गेली, उष्णता किती आली, किती गेली याची समीकरणं मांडून ती एकत्र सोडवतात. वेग आणि दाब एकमेकांत गुंतलेले असल्याने हे सोडवणं फार किचकट होतं. त्यावरची ‘सिंपल’ नावाची रीत १९७२ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये ब्रायन स्पाल्डिंग आणि सुहास पाटणकर यांनी मांडली. पाटणकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर. पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात असताना त्यांनी डेटा सेंटरमधल्या हवेच्या प्रवाहावरही काम केलं.

डबे केवढे घ्यायचे, इथेच खरी मेख आहे. २० सेंटिमीटरचे घेतले तर आपल्या खोलीत १८,००० डबे होतात. १० सेंटिमीटरचे घेतले तर १,४४,००० आणि ५ सेंटिमीटरचे घेतले तर साडेअकरा लाख. बाजू निम्मी केली की संख्या आठपट होते, म्हणून मोठ्या डब्यांचा मोह होतो. पण एका डब्याला एकच तापमान असतं. रॅकच्या माथ्यापाशी एखाद्या डब्याचा खालचा अर्धा भाग १८ अंशांचा आणि वरचा ३४ अंशांचा असेल, तर संगणक त्याला २६ अंश म्हणतो. २६ म्हणजे मर्यादेच्या आत! वर प्रवाह डब्यांना तिरका जात असेल, तर प्रत्येक डबा आपलं मिश्रण शेजारच्या डब्याला देतो आणि प्रत्यक्षात न होणारी सरमिसळ गणितात होत राहते. रॅकमधली एका खणाची रिकामी फट साडेचार सेंटिमीटरची असते. तिच्यातून गरम हवा पुढे झिरपत असली, तरी २० सेंटिमीटरच्या डब्याला ती दिसतच नाही.

मला यातली सगळ्यात फसवी गोष्ट वेगळीच वाटते. या पद्धतीत उष्णतेचा जमाखर्च प्रत्येक डब्यापाशी जुळवलेला असतो, त्यामुळे मेश कितीही जाडाभरडा असला तरी ५० किलोवॅटचा हिशेब चोख बसतो. ताळा जमला म्हणून उत्तर बरोबर, असं इथे म्हणता येत नाही. खरी परीक्षा म्हणजे मेश टप्प्याटप्प्याने बारीक करत जाणं आणि दर वेळी सर्वांत वरच्या सर्व्हरच्या तोंडाशी असलेलं तापमान पाहणं. ते बदलायचं थांबलं की मेश पुरेसा झाला. खोलीचं सरासरी तापमान पाहून हे कळत नाही, कारण ते पहिल्या मेशपासूनच स्थिर दिसतं. सगळीकडे बारीक डबे करण्याचीही गरज नसते. फरश्यांवर, रॅकच्या तोंडाशी आणि माथ्यावर बारीक केले की भागतं.

दुसरा निर्णय भोवऱ्यांचा. फरशीतून उठणारी हवा शांत धारेने वाहत नाही, तिच्यात मिलिमीटरपासून मीटरभरापर्यंतचे भोवरे असतात. ते सगळे मोजायला डबे पुरणार नाहीत, म्हणून त्यांच्या सरमिसळीचा अंदाज टर्ब्युलन्स मॉडेलवर सोपवतात. सर्व्हर रूमसाठी बहुधा के-एप्सिलॉन मॉडेल वापरतात. के-ओमेगा एसएसटी भिंतीलगतचा थर अधिक नीट पकडतं, पण त्यासाठी भिंतीपाशी मिलिमीटरहूनही बारीक डबे लागतात. इथे उष्णता भिंतीतून येत नाही, सर्व्हरमधून येते. त्यामुळे तो खर्च सहसा अंगावर घ्यावा असं मला वाटत नाही.

मात्र के-एप्सिलॉनमध्ये एक कळ विसरून चालत नाही. गरम हवा वर आणि थंड हवा खाली असा थर बसला की भोवरे दबतात आणि सरमिसळ मंदावते. गल्लीतल्या हवेचा वेग सेकंदाला मीटरभर आणि तापमानातला फरक १२ अंश असताना हलक्या हवेचा हा जोर प्रवाहाच्या जोराशी जवळपास बरोबरी करतो. मॉडेलमधलं त्याचं पद बंद राहिलं, तर संगणक थर मोडून हवा घुसळून टाकतो. चूक पुन्हा त्याच बाजूला झुकते. माथा प्रत्यक्षापेक्षा गार दिसतो.

फरशीच्या बाबतीतही असंच आहे. ६० सेंटिमीटरच्या फरशीतून सेकंदाला पाव घनमीटर हवा येते आणि भोकांनी तिचा चौथा हिस्साच मोकळा असतो. सपाट उघडं तोंड धरलं तर वेग सेकंदाला ०.७ मीटर येतो, पण भोकांतून ती हवा पावणेतीन मीटरच्या वेगाने उसळते. हा जोर गणितात घातला नाही, तर थंड हवा प्रत्यक्षात किती उंच जाते तेच चुकतं.

उपाय मग आकृतीतूनच सुचतात. नुसत्या फरश्या वाढवून उपयोग नाही. यंत्राची हवा तेवढीच राहते, ती जास्त फरश्यांत वाटली जाते आणि प्रत्येकीतून येणारी धार मंदावते. यंत्राच्या पंख्यांचा वेग वाढवून साडेतीन घनमीटर हवा मिळवावी लागते, रिकाम्या खणांना झाकणपट्ट्या लावाव्या लागतात आणि माथ्यावरून येणारी वाट आडोशाने बंद करावी लागते. हे सगळं आधी संगणकात करून पाहावं. त्याआधी मात्र रॅकच्या तोंडाशी तळाला, मध्ये आणि माथ्यावर असे तीन तापमापक बांधून आजच्या खोलीचं उत्तर खऱ्या आकड्यांशी जुळतं का, ते तपासावं. माथ्यावरचा तापमापक गणितापेक्षा गरम निघाला, तर आधी मेश पाहावा, मग फरशीचा जोर, मग टर्ब्युलन्समधलं ते पद आणि शेवटी जमिनीतल्या केबलच्या भोकांतून गुपचूप निसटणारी थंड हवा.