जुन्या भावाने पस्तीस डबे

14 सप्टेंबर 2024 पासून केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्क्यांवर नेलं. उपकर धरून एकूण बोजा साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेला. सोयाबीन उत्पादकाला भाव मिळावा हा त्यामागचा हेतू होता. पण पितृपक्ष तोंडावर होता, पुढे दसरा आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिवाळी. तळणावर ज्यांचं पोट आहे अशा दुकानदारांना तेव्हा आपापल्या तेलवाल्या शेठना एकच विनंती करायची होती: अजून काही महिने जुना भाव धरून ठेवा.

गंमत म्हणजे सरकारनेही तेच केलं. तीनच दिवसांत केंद्राच्या अन्न सचिवांनी तेल उद्योगाच्या संघटनांची बैठक घेतली आणि कमी शुल्कात आलेला साठा संपेपर्यंत किमती वाढवू नका असं सांगितलं. असा सुमारे 30 लाख टन साठा देशात आहे, तो 45 ते 50 दिवस पुरेल, असा हिशेबही दिला. हा हिशेब दुकानदाराच्या पत्राचा पाया होऊ शकतो. विनंती कशासाठी करायची हे त्यातून कळतं: जो माल जुन्या शुल्कात आला आहे, त्याच्यासाठी. जो अजून बंदरातच लागायचा आहे, त्याचा जुना भाव कोणताही व्यापारी देऊ शकत नाही.

सांगलीसारख्या गावातलं फरसाणाचं एक दुकान डोळ्यांपुढे आणू. आकडे गणित समजण्यापुरते घेतले आहेत. दुकानाला महिन्याला पामतेलाचे 40 डबे लागतात, प्रत्येकी 15 किलोचा, जुना भाव 1,600 रुपये. बंदरावर तेल किलोला 85 रुपये धरलं, तर शुल्कातली 22 टक्क्यांची वाढ किलोला पावणेएकोणीस रुपयांच्या आसपास जाते, म्हणजे डब्यामागे साधारण 280. नवा भाव 1,880. तीन महिन्यांच्या 120 डब्यांवर 33,600 रुपयांचा फटका. तेल जास्त वेळा तळून ही भर काढता येत नाही आणि काढूही नये. तळणाच्या तेलातले ध्रुवीय घटक 25 टक्क्यांवर गेले की ते वापरायला कायद्याने बंदी आहे, आणि खाणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न त्याहून मोठा आहे.

असा फटका बसला की पहिलं पत्र घाईत लिहिलं जातं. ‘महागाई फार झाली आहे, आपले जुने संबंध आहेत, तीन महिने भाव वाढवू नये.’ शेठ ते वाचून बाजूला ठेवतात, कारण त्यांच्या पेढीवर अशी विनंती करणारे सगळेच असतात. शेठची अडचणही खरी असते. 35 डबे जुन्या भावाने विकून हातात 56,000 रुपये येतात, आणि त्या पैशात नव्या भावाने 29 डबेच येतात. गोदामात पाच-सहा डब्यांची जागा रिकामी राहते. ‘तुमच्याकडे जुनाच माल आहे ना’ असं म्हणणाऱ्या दुकानदाराला हे दिसत नाही, आणि बोलणी इथेच अडतात.

म्हणून मागायचं किती, हे आधी स्वतःच्या वहीत ठरवावं. शेवेत साधारण तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त तेल मुरतं. म्हणजे किलोभर शेवेमागे वाढ साडेसहा-सात रुपयांची. ही वाढ काउंटरवरच्या गिऱ्हाइकाला सांगता येते, थोडी कुरकुर होईल एवढंच. पण ज्या कंपन्यांना आणि पतसंस्थांना दिवाळीच्या फराळाचे भाव आधीच लिहून दिले, तिथे एक पैसाही वाढवता येत नाही. खरी कोंडी तेवढीच. या दुकानाने दीड टन मालाच्या ऑर्डरी घेतल्या असतील, तर त्याला सव्वापाचशे किलो तेल लागतं. म्हणजे 35 डबे. शेठकडे मागायचे ते हे पस्तीस, एकशेवीस नव्हेत.

मग पत्र असं होतं:

‘आदरणीय शेठ, स. न. वि. वि.

14 तारखेच्या शुल्कवाढीमुळे तेलाचा भाव वाढणार हे आम्ही समजून आहोत. आमच्या दिवाळीच्या दीड टनाच्या ऑर्डरी वाढीआधी पक्क्या झाल्या असून त्यांचे भाव आता बदलता येत नाहीत. त्यासाठी 15 किलो निव्वळ वजनाचे 35 डबे, नेहमीच्याच ब्रँडचे, आपल्याकडील जुन्या खरेदीच्या मालातून 1,600 रुपये भावाने मिळावेत, ही विनंती. नेहमीची महिन्याची उधारी न घेता या मालाचे पूर्ण पैसे रोख देऊ आणि 10 ऑक्टोबरपर्यंत सर्व डबे उचलू. नोव्हेंबर व डिसेंबरचे प्रत्येकी 40 डबे त्या वेळच्या बाजारभावाने आपल्याकडूनच घेऊ. मात्र या दोन महिन्यांत भाव एकदम न वाढवता दोन टप्प्यांत वाढवता आला तर पाहावे. बाजार उतरला तरी हे 35 डबे ठरल्या भावानेच घेऊ. आपल्याला जमेल तो आकडा कळवावा.’

रोखीची किंमत फुगवून सांगू नये. बँकेचं व्याज वर्षाला बारा टक्के धरलं, तर 56,000 रुपये महिनाभर आधी मिळाल्याने शेठचे 560 रुपये वाचतात, आणि सोडायला सांगितले आहेत 9,800. रोखीने वाढीची भरपाई होत नाही. शेठना खरा आधार वाटतो तो पुढच्या 80 डब्यांच्या शब्दाचा, कारण महाग बाजारात गिऱ्हाईक स्वस्त पेढी शोधत फिरतं आणि गोदामात माल अडकतो. शेवटचं वाक्य – ‘जमेल तो आकडा कळवावा’ – मला पत्रातलं सर्वांत मोलाचं वाटतं. होय किंवा नाही एवढंच उत्तर मागितलं, तर बहुतेक वेळा ‘नाही’ येतं. आकडा मागितला की शेठ गोदामाची वही उघडतात.

शेठनी 25 डबे जुन्या भावाने आणि 10 डबे निम्म्या वाढीने, म्हणजे 1,740 ला, देऊ केले असं धरू. 9,800 पैकी 8,400 रुपये वाचले. फक्त फोनवर ‘धरतो भाव’ म्हटलं असेल, तर त्याच दिवशी डबे, भाव आणि तारीख लिहून उलट निरोप पाठवावा. गर्दीच्या दिवसांत मुनीम बदलतो, बिल दुसराच करतो.

आणि माल आल्यावर डब्यावरचं वजन वाचावं. भाव जुनाच असतो, डबा मात्र 15 किलोऐवजी 15 लिटरचा आलेला असतो. तेल पाण्याहून हलकं असल्याने 15 लिटर म्हणजे सुमारे 13.65 किलोच. 1,600 रुपयांचा भाव तसाच दिसतो, पण किलोचा दर 107 वरून 117 वर गेलेला असतो. कधी यात लबाडी असते, कधी नुसती चूक. पत्रात ‘15 किलो निव्वळ वजन’ लिहिलेलं असलं की भांडण न करता डबा परत करता येतो.

भाव बांधून घेतल्यावर बाजार उतरण्याचा धोका उरतोच. 30 मे 2025 रोजी कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क पुन्हा 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं गेलं. त्या आधीच्या आठवड्यात ज्यांनी महिन्याभराचा भाव पक्का केला होता, त्यांना ठरलेला माल महागात पडला असणार. तरीही तो उचलावा. जो भाव चढताना पत्र लिहितो आणि उतरताना फोन उचलत नाही, त्याचं पुढचं पत्र पेढीवर कुणी वाचत नाही.