घागर कुठे ठेवायची?

तहानलेल्या कावळ्याचं अ‍ॅनिमेटेड रील करताना घागर फ्रेमच्या तळाशी ठेवावीशी वाटते. पण इन्स्टाग्रामवर नेमकं तिथेच खात्याचं नाव आणि कॅप्शन येतं. खडे पडून पाणी वर चढतं, तेच झाकलं जातं. १०८० बाय १९२० पिक्सेलच्या उभ्या फ्रेममध्ये खालचे सुमारे ६७० आणि वरचे २७० पिक्सेल मोकळे सोडावेत. तिथे नुसती माती नि आकाश रंगवा. घागर मधल्या पट्ट्यात घ्या, अक्षरं तिच्या वर. कावळा उजवीकडून खुशाल येऊ दे, पण त्याची चोच लाइकच्या बटणामागे थांबायला नको. या सीमारेषा वेगळ्या लेयरवर आखा आणि रेंडर करण्यापूर्वी तो लेयर आठवणीने बंद करा.