डबीत उरलेल्या आठ गोळ्या

जिल्हा रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात औषधाची नवी डबी देण्यापूर्वी परिचारिका जुनी डबी मागून घेते, तीतील गोळ्या तबकात ओतते आणि मोजते. ही मोजदाद वरवर कारकुनी वाटते. परंतु रुग्णाच्या घरातील ज्या गोष्टी कोणत्याही केसपेपरावर नोंदलेल्या नसतात, त्या पुष्कळदा या तबकातच प्रथम उघड होतात.

उदाहरणादाखल एका खानावळीत पोळ्या लाटणारी, भावाच्या घरी राहणारी विधवा स्त्री घेऊ. टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे एकत्र असलेली एक गोळी तिला रोज घ्यावयाची आहे. तीस गोळ्यांची डबी नेल्यानंतर अठ्ठाविसाव्या दिवशी ती परत आली, तेव्हा डबीत दोन गोळ्या उरावयास हव्या होत्या, निघाल्या आठ. म्हणजे अठ्ठाविसांपैकी बावीसच पोटात गेल्या, आणि हे प्रमाण सुमारे ७९ टक्के भरते. अपेक्षा ९५ टक्क्यांची असते. महिन्याकाठी एखादी गोळी चुकली तर चालेल, सहा चुकणे चालत नाही.

याचे कारण एचआयव्ही विषाणूच्या स्वभावात आहे. तो पेशींच्या आनुवंशिक द्रव्यात दडून बसतो. औषध त्याला तेथून हुसकावीत नाही, केवळ त्याची नवी प्रत निघू देत नाही. रक्तातील औषधाची पातळी वारंवार खाली आली की प्रती निघू लागतात, प्रतींत चुका होतात, आणि एखादी चूक नेमकी औषधाला दाद न देणारी निघते. लॅमिव्ह्युडिन निष्प्रभ व्हावयास तर असा एकच फेरबदल पुरतो. डोल्युटेग्राविरचा तट अधिक भक्कम आहे खरा, पण म्हणून हयगय करण्याचा परवाना मिळत नाही.

अशा वेळी ‘गोळ्या का चुकवल्या?’ असा जाब विचारणारी परिचारिका एकच गोष्ट साधते: पुढल्या खेपेस रुग्ण जादा गोळ्या वाटेत टाकून येतो आणि मोजदाद निर्दोष भरते. जाणती परिचारिका दार लोटून घेऊन म्हणते, “ताई, रोजची गोळी कुणाचीही राहते. गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी अवघड गेलं?” मग कळते, की घरी सहा दिवस पाहुणे होते. रात्री नऊला फडताळातली डबी काढली की आत गोळ्या खुळखुळत, आणि ‘हे कसलं औषध?’ हा प्रश्न पाहुण्यांनी भावजयीसमोर विचारण्याआधीच तिने डबी जागची हलवणे सोडले. भावजयीला कळले तर खानावळीत कळणार आणि खानावळीत कळले तर रोजी जाणार, हा तिचा हिशेब होता. शिजवलेल्या अन्नातून हा विषाणू पसरत नाही. परंतु गिऱ्हाईक ते मानील याची खात्री तिला कोण देणार? विस्मरण हे येथे कारणच नव्हते, म्हणून घड्याळाचा गजर लावण्याचा नेहमीचा सल्ला तिला निरुपयोगी होता.

उपाय साधा निघाला. ही गोळी जेवणापूर्वी वा नंतर, दिवसाच्या कोणत्याही ठरलेल्या वेळी चालते. तेव्हा रात्रीची वेळ सोडून पहाटे, घर जागे होण्यापूर्वीची वेळ ठरली. डबीत कापसाचा बोळा घातला, की ती वाजत नाही. दमटपणा शोषणारी पुडी मात्र आतच ठेवावयाची आणि गोळ्या कागदात बांधावयाच्या नाहीत. वेळ चुकली तर आठवताच गोळी घ्यावी, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. लोहाच्या वा कॅल्शियमच्या गोळ्या आणि काही पित्तशामक औषधे डोल्युटेग्राविरचे शोषण रोखतात, म्हणून ती एकाच वेळी त्याच्यासोबत घ्यावयाची नाहीत, हेही परिचारिकेने तेव्हाच बजावले. उपचाराचा खरा निकाल रक्तातील विषाणूंच्या मोजणीने लागतो. एका मिलिलिटरमागे आकडा हजाराच्या वर गेला, तर समुपदेशन करून पुन्हा तपासणी करावी लागते.

पुढच्या खेपेस भाऊ सोबत आला आणि बाहेरच्या बाकावर त्याने दबक्या आवाजात विचारले, “सिस्टर, हिला नेमकं झालंय काय?” २०१७ च्या एचआयव्ही व एड्स अधिनियमाप्रमाणे, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे, रुग्णाच्या लेखी संमतीवाचून ही माहिती देता येत नाही, न्यायालयाच्या हुकुमासारखे अपवाद मोजके आहेत. वैवाहिक जोडीदारालाही ती सांगण्याचा अधिकार ठराविक अटींवर केवळ डॉक्टर वा समुपदेशक यांना आहे, परिचारिकेला नाही. म्हणून “ते त्यांनाच विचारा” एवढेच उत्तर योग्य. ‘काळजीचं काही नाही’ असे खोटे आश्वासनही देऊ नये.

हीच माहिती न बोलताही फुटते. खाटेवर लाल खूण लावणे, केसपेपरावर ठळक अक्षरे लिहिणे यांचे समर्थन पुष्कळदा कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेच्या नावाखाली केले जाते. पण हातमोजे आणि सुईची खबरदारी प्रत्येक रुग्णासाठी सारखीच घ्यावयाची असते, कारण तपासणी न झालेल्याच्या कपाळावर काही लिहिलेले नसते. आणि सुई टोचलीच, तर शक्यतो दोन तासांत व उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत २८ दिवसांचा प्रतिबंधक उपचार सुरू करावयाचा असतो. अशी खूण तुमच्या पाहण्यात आली, तर गप्प राहू नका: वीस वा अधिक व्यक्ती असलेल्या आरोग्यसंस्थेने तक्रार अधिकारी नेमणे या कायद्यान्वये बंधनकारक आहे.