चावी देण्याआधीचा एक तास

डिपॉझिटची भांडणं बहुतेकदा घर सोडल्यानंतर आठ-दहा दिवसांनी सुरू होतात. ओट्याला तडा गेलाय, जाळी फाटलीय, असा घरमालकाचा फोन येतो. तोवर घरात रंगारी, एजंट, नवं बिऱ्हाड असे सगळे येऊन गेलेले असतात. म्हणून पाहणी दोघांनी मिळून करायची, तीही टेम्पो गेल्यावर, घर झाडून झाल्यावर आणि चावी हातात असतानाच. सकाळची वेळ बरी. ट्यूबलाइटमध्ये ओल दिसत नाही.

कोथरूडमधला एखादा दोन बेडरूमचा फ्लॅट घ्या. करार ३१ मेला संपतो, डिपॉझिट ६०,००० रुपये. मालकांना आठवडाभर आधीच मेसेज करायचा: ‘काका, ३० तारखेला सकाळी अकराला या, घर बघून घेऊ आणि चावी देतो.’ त्या दिवशी कराराला जोडलेली पंखे-गिझरची यादी हातात घेऊन दारापासून सुरुवात करायची. नळ सोडायचे, फ्लश ओढायचा, गिझर चालू करून पाणी तापतंय का बघायचं. सिंकखालच्या कपाटात हात घालून बघायला विसरू नका. गळतीने फुगलेलं प्लायवूड तिथेच सापडतं.

प्रत्येक खोलीचे दारातून आणि समोरच्या कोपऱ्यातून असे दोन फोटो पुरतात. जिथे खोट दिसेल तिथे आधी लांबून आणि मग जवळून, शेजारी नाणं धरून, म्हणजे तडा केवढा ते कळतं. विजेच्या मीटरचा फोटो नंबर आणि रीडिंग दोन्ही दिसतील असा हवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवलेले फोटो आक्रसतात आणि त्यांच्यात नोंदलेली तारीख-वेळ निघून जाते, तेव्हा ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा मेलने पाठवा, तेही त्याच दिवशी.

आता ओट्याचा तडा. राहायला आलो तेव्हाचा फोटो दाखवला की काकांचा मुद्दा तिथेच संपतो, पण तो फोटो नसेल तर आजच्या शंभर फोटोंचाही फारसा उपयोग नाही. फाटलेली जाळी मात्र आपली, तिचे ९०० रुपये. शेवटच्या वीजबिलापोटी अंदाजे १,४०० धरले, तर परत यायचे ५७,७००. खिळ्यांची भोकं आणि फिकटलेला रंग ही वापराची झीज. तरी रंगासाठी पैसे कापण्याचं कलम करारातच असेल, तर तिथे वाद घालून काही निघत नाही.

हे सगळं एका कागदावर उतरवून दोघांनी सह्या करायच्या. मीटर रीडिंग, कपात, उरलेली रक्कम ती कधी देणार त्या तारखेसह, आणि चाव्यांची संख्या: लॅच, सेफ्टी डोअर, बेडरूम, लेटरबॉक्स. चावी दिल्याची तारीख-वेळ ठळक लिहा. मुदत संपल्यावरही ताबा सोडला नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट भाडं मागता येतं, आणि ताबा ३० तारखेलाच दिला याचा पुरावा हाच कागद असतो. त्यामुळे ‘वॉचमनकडे ठेवून जा’ असं कितीही प्रेमाने सांगितलं तरी तसं करू नये. मालक परदेशात असतील, तर चावी कोणाकडे द्यायची ते नाव त्यांच्याकडून मेसेजमध्ये लिहून घ्यायचं, पाहणी व्हिडिओ कॉलवर करायची आणि चावी घेणाऱ्याची सही त्याच कागदावर घ्यायची.